गरोदरपणात दुभंगणारे पोटाचे स्नायू

पोटाच्या पुढच्या बाजूला, छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायू शेजारी शेजारी असतात. त्यांना रेक्टस अब्डॉमिनिस म्हणतात. हे दोन स्नायू मध्यभागी एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक पांढरी पट्टी असते, तिचे नाव लिनिया अल्बा. पोटाच्या दोन्ही कुशींतील आडव्या आणि तिरप्या स्नायूंची टोकेही याच पट्टीत येऊन गुंफलेली असतात. माणूस खोकतो, वाकतो, वजन उचलतो किंवा अंथरुणातून उठतो तेव्हा पोटाच्या भिंतीवरचा ताण डावीकडून उजवीकडे पोहोचतो तो या पट्टीतूनच. गरोदरपणात बेंबीच्या वरखाली कातडीवर जी काळसर रेघ उमटते तिचा या पट्टीशी गोंधळ करू नये. ती रेघ त्वचेची आहे, पट्टी तिच्या खाली खोलवर असते.

मूल न झालेल्या स्त्रीमध्येही या पट्टीला थोडी रुंदी असतेच. बेंबीच्या जराशी वर ती दोन सेंटीमीटरच्या आसपास असणे सर्वसाधारण मानतात, बेंबीखाली ती आणखी अरुंद असते. गरोदरपणात गर्भाशय वाढत जाते, पोटाची भिंत पुढे आणि बाजूंना ताणली जाते, आणि त्याच काळात शरीरातील संप्रेरकांमुळे तंतुमय ऊती सैल पडतात. स्नायू लांब होतात, मधली पट्टी रुंद आणि पातळ होते, आणि दोन्ही उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. हेच स्नायूंचे दुभंगणे. वैद्यकात याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. यात काही फाटत नाही, तुटत नाही. पट्टी अखंड राहते, फक्त ताणली जाते.

हे किती जणींना होते, हे ऐकल्यावर या अवस्थेला आजार म्हणावे का, असा प्रश्न पडतो. पोर्तुगालमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींची सोनोग्राफीने तपासणी केली. 35व्या आठवड्यात त्या सगळ्यांमध्येच हे अंतर वाढलेले आढळले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ते सुमारे 39 टक्के जणींमध्ये उरले होते. नॉर्वेमध्ये 300 पहिलटकरणींवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के आणि वर्षभराने जवळपास 33 टक्के स्त्रियांमध्ये ते दिसले. मोजण्याच्या पद्धती आणि निकष वेगळे असल्याने दोन्ही आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण दिशा एकच आहे. गरोदरपणाच्या शेवटी थोडेफार दुभंगणे हे स्वाभाविक असते, बऱ्याच जणींचे ते आपोआप कमी होते, आणि काहींचे राहते. नॉर्वेच्या अभ्यासातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. दुभंग असलेल्या स्त्रियांना कंबरदुखी इतरांपेक्षा जास्त असते, असे तिथे आढळले नाही. म्हणून बाळंतपणानंतरच्या प्रत्येक कंबरदुखीचे खापर पोटातील फटीवर फोडणे बरोबर नाही.

मग काळजी कशाची? पट्टी ताणलेली असताना पोटाच्या भिंतीवर अचानक मोठा दाब आला की ती तो दाब पेलू शकत नाही. उभे स्नायू जोरात आकसतात, पोटाच्या आतील दाब वाढतो, आणि मधली सैल जागा बाहेर फुगते. बेंबीच्या वरखाली छपराच्या आढ्यासारखा उभा उंचवटा दिसतो. टेकून बसलेली गरोदर स्त्री हाताचा आधार न घेता पुढे उठायला गेली की तो हमखास दिसतो. पुष्कळ जणी तो पाहून घाबरतात, बाळाचा पाय आला असावा असे काहींना वाटते. तो एकदोनदा दिसला म्हणून कायमची इजा झाली असे नाही, आणि बाळाला त्याने धोका नसतो. पण त्या क्षणी ती हालचाल मधल्या पट्टीला झेपलेली नाही, एवढे तो स्पष्ट सांगतो. काय करावे आणि काय टाळावे, हे ठरवण्याची सर्वांत उपयोगी खूण हीच आहे. छापील याद्यांपेक्षा स्वतःच्या पोटाकडे पाहणे अधिक भरवशाचे, कारण एकच व्यायाम चौथ्या महिन्यात एकीला सहज जमतो आणि सातव्या महिन्यात तिचेच पोट फुगवतो.

टाळायच्या हालचालींमध्ये पहिला क्रमांक व्यायामाचा नाही, अंथरुणातून उठण्याचा आहे. उताणे झोपलेले असताना डोके आणि खांदे उचलून सरळ उठून बसणे म्हणजे एक पूर्ण सिट-अप. गरोदर स्त्री रात्री लघवीला तीनचार वेळा उठते, दुपारी आडवी होते, तपासणीच्या टेबलावरून उठते. व्यायाम म्हणून सिट-अप न करणारी स्त्रीसुद्धा असे दिवसातून सातआठ करते. उठण्याची योग्य रीत सोपी आहे. आधी गुडघे वाकवावेत, मग खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत, आणि श्वास सोडत वरच्या हाताचा तळवा आणि खालचे कोपर यांवर भार देऊन उठावे. गादी जमिनीवर असेल तर कुशीवरून आधी हातापायांवर, ओणवे, यावे आणि मग भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहावे. आडवे होतानाही हाच क्रम उलटा करावा. दवाखान्यात टेबलावरून उठवताना घाईने कोणी दोन्ही हात धरून पुढे ओढते, तेव्हाही थांबवून कुशीवर वळायला हरकत नसावी.

व्यायामांपैकी जे टाळायचे त्यांत सिट-अप आणि क्रंच, म्हणजे पाठीवर झोपून खांदे वर उचलण्याचे सगळे प्रकार, आधी येतात. सायकल चालवल्यासारखे पाय हलवत कोपर विरुद्ध गुडघ्याला लावण्याचा व्यायाम यातच मोडतो, त्यात पीळही असतो. त्यानंतर दोन्ही पाय एकदम उचलणे. योगवर्गात उत्तानपादासन म्हणून जे घेतात त्यात सरळ पायांचा सगळा भार पोटाच्या भिंतीला तोलावा लागतो, कंबर जमिनीवरून सुटते आणि मधला भाग फुगतो. नौकासनात पाय आणि धड दोन्ही हवेत असल्यामुळे हा ताण आणखी वाढतो. हे व्यायाम उताण्या स्थितीत करायचे असल्याने त्यांना दुसरीही हरकत आहे. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणे राहिले तर जड झालेले गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाब देते, आणि काहींना घेरी किंवा मळमळ येते.

प्लँकबद्दल, म्हणजे हाताच्या पंजांवर किंवा कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरण्याबद्दल, गैरसमज जास्त आहे. त्यात वाकणे नाही, म्हणून तो सुरक्षित समजला जातो. पण या स्थितीत गर्भाशयाचे आणि आतड्यांचे वजन गुरुत्वाकर्षणाने थेट मधल्या पट्टीवर लोंबते, आणि ते सावरण्यासाठी स्नायूंना जोर लावावा लागतो. पोट मोठे झाल्यावर पूर्ण प्लँक आणि जमिनीवरचे दंड बहुतेक जणींच्या पट्टीला जड जातात. हातापायांवर ओणवे राहणे मात्र चालते, कारण भार चारही अंगांवर वाटला जातो. तरी तिथेही पोट खाली सैल सोडून कंबर खोल जाऊ देऊ नये.

पाठ मागे खोल वाकवणारी आसने, चक्रासन, धनुरासन, उष्ट्रासन, आधीच ताणलेल्या पट्टीला आणखी लांब ओढतात. धनुरासनात तर पोटावर झोपावेही लागते. पोट जोराने आत मारून श्वास फेकण्याची कपालभाती गरोदरपणात बंदच ठेवावी. खूप पीळ देणाऱ्या आसनांऐवजी फक्त खांदे वळतील एवढाच हलका पीळ ठेवावा. या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक सवय मात्र कोणत्याही यादीत पटकन सापडत नाही, ती म्हणजे श्वास रोखून जोर करणे. पाण्याने भरलेली बादली उचलताना, जड कपाट सरकवताना, बद्धकोष्ठ असताना शौचाला कुंथताना श्वास कोंडला जातो आणि पोटातील दाब एकदम वर जातो. तो दाब पुढे मधल्या पट्टीवर आणि खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो. नॉर्वेच्या त्याच अभ्यासात आठवड्यातून वीस किंवा अधिक वेळा जड उचलणाऱ्या स्त्रियांमध्ये दुभंगाचे प्रमाण जास्त दिसले होते. भार उचलणे टाळता येत नसेल तर बादली अर्धीच भरावी, ती अंगाजवळ धरावी, गुडघे वाकवावेत, आणि उचलण्याच्या क्षणी तोंडाने श्वास सोडावा. खोकला किंवा शिंक येते असे वाटले की पोटावर हात धरून किंचित पुढे झुकल्याने ताण कमी पडतो.

पोटाचा व्यायामच बंद करायचा, असा याचा अर्थ नाही. पोटाच्या भिंतीचा सर्वांत आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस अब्डॉमिनिस, कंबरेभोवती आडवा गुंडाळलेला असतो. तो हळुवार आवळला तर मधली पट्टी बाहेर न फुगता तणावात येते. खुर्चीवर ताठ बसून नाकाने श्वास घ्यावा, बरगड्या बाजूंना फुलू द्याव्यात. मग सावकाश श्वास सोडताना लघवी आवरून धरल्याप्रमाणे तळाचे स्नायू वर खेचावेत आणि बेंबीखालचे पोट किंचित आत घ्यावे. पाचसहा सेकंद धरून पूर्ण सैल सोडावे. असे आठदहा वेळा, दिवसातून दोनतीनदा. चालणे, भिंतीला पाठ टेकवून कंबर सपाट करणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकवून उभ्याने दंड काढणे, हेही चालते. बाळंतपणाच्या धोक्यांमुळे डॉक्टरांनी व्यायामच थांबवला असेल तर अर्थात त्यांचा सल्ला आधी.

हे सगळे प्रत्यक्षात कसे बसते ते एका काल्पनिक, पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहता येईल. तिशीतली एक स्त्री दुसऱ्या खेपेला गरोदर आहे, 24वा आठवडा चालू आहे. ती वर्षानुवर्षे रोज बारा सूर्यनमस्कार घालते आणि घरात तेरा किलोचे तीन वर्षांचे मूल आहे. तिने आरशासमोर एकेक हालचाल करून पोट पाहिले. नमस्कार, हात वर नेणे आणि पाय फाकवून पुढे वाकणे यांत पोट सपाट राहते. दोन्ही पाय मागे नेऊन शरीर हातांवर तोलताना बेंबीच्या वर उंचवटा येतो. साष्टांग नमस्कारात पोट जमिनीला टेकते आणि भुजंगासनात ते ताणले जाते. तिने मधल्या तीन स्थिती वगळल्या. त्यांच्या जागी ती ओट्याला हात टेकवून मागे सरते, कोपर वाकवते, आणि श्वास सोडत सरळ होते. बारांऐवजी सहाच, सावकाश. मुलाला जमिनीवरून वाकून उचलताना उंचवटा आणखी ठळक दिसला, तेव्हा तिने सवय बदलली. ती आधी सोफ्यावर बसते, मूल स्वतः चढून मांडीवर येते. तिच्या बाबतीत सूर्यनमस्कारांपेक्षा दिवसातून वीसपंचवीस वेळा मुलाला उचलणेच पट्टीवर अधिक भारी पडत होते.

अंतर मोजण्याची वेळ येते ती बाळंतपणानंतर, साधारण सहाव्या आठवड्याच्या तपासणीपासून. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, बोटांची टोके बेंबीच्या जरा वर आडवी, म्हणजे कंबरेच्या रेषेत, ठेवावीत आणि श्वास सोडत फक्त डोके उचलावे. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांकडे सरकून घट्ट होतात. त्यांच्यामध्ये किती बोटे बसतात ते पाहावे. हेच बेंबीपाशी आणि बेंबीखाली करावे. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याला सामान्यतः दुभंग म्हणतात. बोटांची जाडी प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे हे माप ढोबळ आहे, अचूक हवे असेल तर सोनोग्राफीने घेता येते. रुंदीइतकेच तळ कसा लागतो तेही पाहावे. बोटे मऊ पडून खोल जात असतील तर पट्टी अजून सैल आहे. अडीच बोटांची पण टणक लागणारी पट्टी, दीड बोटाच्या मऊ पट्टीपेक्षा भार चांगला पेलते. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीला सहाव्या आठवड्यात बेंबीपाशी तीन बोटांचे मऊ अंतर मिळाले असेल, तर तिने श्वासाचा व्यायाम आणि एकेक टाच जमिनीवरून सरकवण्याचा व्यायाम चालू ठेवावा. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे, आणि तळ घट्ट लागू लागला की पुढची पायरी घ्यावी. सिझेरियन झाले असले तरी पद्धत हीच, फक्त टाके भरून येऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत थांबावे. सिझेरियनमध्ये उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. त्यामुळे सिझेरियनने पोट कायमचे फाकते, हा समज चुकीचा आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट सुती लुगड्याने किंवा पट्ट्याने बांधतात. त्या बांधण्याने आधार मिळतो, उठताबसताना बरे वाटते, टाक्यांना हिसका कमी बसतो. पण त्याने मधली पट्टी जुळून येत नाही, ते काम स्नायूंचेच. फार आवळून बांधले तर दाब खाली सरकतो आणि आधीच थकलेल्या तळाच्या स्नायूंवर पडतो. खोल श्वास घेता येईल इतके सैल, आणि दिवसाचे काही तासच, बांधावे. बाळंतिणीच्या मालिशमध्येही पोटावर तळव्याने जोर देऊन रगडण्याची गरज नसते, विशेषतः टाके असताना. रात्री दर दोन तासांनी दूध पाजायला उठावे लागते तेव्हा कुशीवरून उठण्याची गरोदरपणातली सवय फार कामी येते. आहारात पाणी, भाज्या आणि फळे पुरेशी ठेवली तर कुंथणेही टळते.

क्रंच आणि प्लँक जन्मभर वर्ज्य नाहीत. पूर्वी दुभंग असलेल्या सर्वांना ते कायमचे बंद सांगत. अलीकडच्या संशोधनाने तो आग्रह सैल केला आहे. खांदे उचलताना दोन्ही स्नायू उलट जवळ येतात, हे सोनोग्राफीत दिसते. बाळंतपणानंतर सहा ते बारा महिन्यांच्या स्त्रियांनी बारा आठवडे क्रमाने वाढवत नेलेले क्रंच केले, तेव्हा त्यांचे अंतर वाढले नाही, असे 2023 साली नॉर्वेतील प्रयोगात दिसले. मात्र त्या स्त्रिया गरोदर नव्हत्या आणि व्यायाम हळूहळू वाढवला होता. हा निष्कर्ष आठव्या महिन्यातल्या पोटाला किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांना लावता येत नाही. परत येताना क्रम असा ठेवावा: आधी फक्त डोके उचलणे, मग खांदे, मग गुडघ्यांवरचा प्लँक, शेवटी पूर्ण प्लँक आणि दोन्ही पाय. प्रत्येक टप्प्यावर उंचवटा न येता आणि श्वास न कोंडता दहा वेळा जमले तरच पुढे जावे. उंचवटा दिसला तर मागची पायरी.

सहा महिन्यांनंतरही पोट सैल वाटत असेल, वजन उचलताना जोर लागत नसेल, खोकताना लघवी सुटत असेल किंवा योनीमार्गात काही खाली उतरल्यासारखे वाटत असेल, तर स्त्रियांच्या विकारांत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. लघवी सुटण्याकडे बाळंतपणानंतर असे व्हायचेच म्हणून दुर्लक्ष होते, ते करू नये. त्यावर उपचार आहेत. दुभंग आणि हर्निया यांतही फरक करावा लागतो. दुभंगात उभा, लांबट आणि मऊ उंचवटा जोर केल्यावरच दिसतो आणि सैल पडले की जातो. बेंबीपाशी गोल गाठ येत असेल तर तिथे पट्टीला भोक पडले असण्याची शक्यता असते, ते शल्यचिकित्सकांनी पाहावे. ती गाठ दाबून आत जात नसेल, दुखत असेल, लाल झाली असेल किंवा सोबत उलट्या होत असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण आतडे त्यात अडकलेले असू शकते. दुभंगासाठी शस्त्रक्रिया करून दोन्ही स्नायू टाक्यांनी जवळ आणता येतात. पण तिचा विचार व्यायामाने फरक पडला नाही तरच, आणि पुढे मूल नको असे ठरल्यावरच करावा, कारण पुढच्या गरोदरपणात ती पट्टी पुन्हा ताणली जाते.